नदीपलीकडचे नाव

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या सुरुवातीला मुक्ताचा न्यू जर्सीहून फोन आला. सातवा महिना होता आणि मुलगी होणार हे त्यांना कळले होते. "आई, नावं सुचव," ती म्हणाली, आणि मग अटी सांगत गेली. मराठी वाटले पाहिजे. शाळेतल्या बाईंना पहिल्या दिवशी वाचता आले पाहिजे. ज्यात ळ, ण, ध, भ, ज्ञ आहे असे काही नको. आणि जमले तर आजीचे नाव यावे.

शेवटची अट बाकी सगळ्या अटींना छेद देणारी होती. आजी म्हणजे माझी आई, आणि तिचे नाव कमळ.

मुक्ताला या अटी का घालाव्या वाटल्या ते मला ठाऊक होते. तिच्या स्वतःच्या नावात कठीण असे काही नाही, असे इथे बसून कोणीही म्हणेल. पण रोमन लिपीत लिहिले की पहिल्या 'मु'मधला उकार इंग्रजी वाचणाऱ्याला 'अ' वाटतो, 'क्त' हे जोडाक्षर मधोमध तुटते आणि दंत्य 'ता'चा 'टा' होतो. मग 'मकटा' असे काहीतरी बाहेर पडते. त्याहून तिला लागते ती त्याआधीची शांतता. हजेरी घेणारा माणूस यादीत थबकला की पुढचे नाव आपले, हे तिला कळते आणि तो बोलायच्या आतच ती हात वर करते. "माझ्या मुलीच्या वाट्याला ती शांतता नको," एवढेच तिचे म्हणणे होते. त्यावर मला वाद घालता आला नाही.

आम्ही बराकपूरला आलो ते यजमानांच्या हवाई दलातल्या नोकरीमुळे, आणि निवृत्तीनंतर इथेच राहिलो. माझे नाव वत्सला. इथल्या शेजाऱ्यांनी पहिल्याच दिवशी ते 'बोत्शोला' केले. बंगालीत 'व'चा 'ब' होतो, 'अ' ओठ गोल करून 'ओ'कडे झुकतो आणि 'स'चा 'श' होतो. माझ्या नावातले शेवटचे 'ला' तेवढे जाग्यावर राहिले. पण मजा अशी की ते कोणी चाचरत म्हटले नाही. नाव त्यांच्याही भाषेत होते, त्यांनी ते त्यांच्या पद्धतीने उचलले. मला आठवड्याभरात त्याची सवय झाली. बदललेला उच्चार ही एक गोष्ट आणि अडखळलेला उच्चार ही दुसरी, हे मला तेव्हा समजले. मुक्ताला मी हेच सांगायचा प्रयत्न करत होते. पण तिला उपदेश नको होता, यादी हवी होती.

राहते गावच अशा नावाचे आहे. १७७२ मध्ये इथे कंपनीच्या फौजेसाठी बराकी बांधल्या आणि जुन्या चानकचे बराकपूर झाले. अर्धे नाव इंग्रजी, अर्धे आपले. दोन्हीकडच्यांना ते आपापल्या परीने म्हणता येते. या गावात सोप्या झालेल्या नावाची दुसरी बाजूही दिसते. २९ मार्च १८५७ ला इथल्या परेड मैदानावर मंगल पांडे यांनी बंदूक उचलली आणि ८ एप्रिलला त्यांना फाशी दिले. त्यानंतर ब्रिटिश सैनिक प्रत्येक बंडखोर शिपायाला 'पँडी' म्हणू लागले. आडनाव तोंडात बसले ते शिवी म्हणून. तेव्हा जीभ अडखळली नाही म्हणजे मान राखला, असे समजू नये.

धोबीघाटावर उभे राहिले की हुगळीच्या पलीकडे श्रीरामपूर दिसते. फेरीबोट काही मिनिटांत तिथे पोचवते. मुक्ताच्या फोननंतर मी एकदोनदा उगाच जाऊन आले, कारण परदेशी गेलेल्या मराठी नावांचा विचार करताना पहिले नाव आठवते ते त्या काठावरून निघालेले. गोपाळराव जोशी तिथे टपाल खात्यात नोकरीला होते. २४ फेब्रुवारी १८८३ ला श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात त्यांच्या अठराव्या वर्षात असलेल्या पत्नीने इंग्रजीतून भाषण केले आणि आपण अमेरिकेला का जात आहोत ते सांगितले. ७ एप्रिलला ती कलकत्त्याहून बोटीत बसली.

तिचे जन्मनाव यमुना. लग्नात ते बदलून आनंदी झाले. आपल्याकडे मुलीचे नाव बदलायला परदेशी जावे लागत नसे, नवऱ्याच्या घरी गेले तरी पुरे. वयाच्या चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि तो दहा दिवसांनी गेला. बारसे बाराव्या दिवशी असते. श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ'मुळे हे दुःख मराठी वाचकांना ठाऊक आहे. पण पाळण्यावर नाव घ्यायचा दिवसच आला नाही, ही गोष्ट नावांच्या याद्या करताना मला जास्त टोचली.

अमेरिकेत या नावाचे काय झाले ते कागदावर पाहता येते. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमध्ये १० ऑक्टोबर १८८५ ला काढलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या वेषात बसल्या आहेत: आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या इस्लामबुली. खालच्या मजकुरात आनंदीबाईंचे नाव 'आनंदाबाई' असे आहे आणि गावाच्या जागी 'सेरानिसोर' असे काहीसे वाचायला मिळते. भारतात या नावाचे गाव नाही. ते सेरामपूर, म्हणजे आमच्या समोरचे श्रीरामपूर. माझा तर्क असा की कोणीतरी हाताने लिहिलेले नाव दुसऱ्याने उतरवून घेतले. वळणदार इंग्रजी अक्षरात 'एम'च्या तीन उभ्या रेघा असतात. त्यांचे 'एन' आणि 'आय' झाले आणि 'पी'चा 'एस' झाला. ही चूक कोणाच्या जिभेची नाही, डोळ्यांची आहे. आजही परक्या देशात नावाचे वाटोळे बहुतेक वेळा बोलण्याआधी, कागदावर होते. मुक्ताचेही तसेच होते. तिचे नाव ऐकून म्हणणारे बऱ्यापैकी म्हणतात, वाचून म्हणणारे अडतात.

'आनंदी'चे 'आनंदा' झाले ते मात्र कानामुळे झाले असावे. इंग्रजी बोलणारा माणूस शब्दातल्या एका अवयवावर जोर देतो आणि बाकीचे स्वर पातळ करतो. 'आनंदीबाई'त जोर 'नं'वर आणि 'बाई'वर पडला की मधला 'दी' दबतो, आणि दबलेला स्वर कोणताही असला तरी इंग्रजी कानाला तो अस्पष्ट 'अ' वाटतो. शिवाय 'बाई' हा आपला आदरार्थी शब्द आहे, नावाचा भाग नाही, हे तिथे कोणाला माहीत असणार? तो कायमचा चिकटला. आडनावाची काळजी मात्र घेतलेली दिसते. 'जोशी' लिहिताना शेवटी दोन 'ई' जोडल्या आहेत, म्हणजे वाचणाऱ्याने तो दीर्घच वाचावा. कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ मध्ये लिहिलेल्या चरित्राच्या मुखपृष्ठावर हेच 'आनंदाबाई' आणि हेच दोन 'ई'वाले जोशी आहेत. शुक्रावरच्या एका विवराला त्यांचे नाव दिले आहे, तेही त्याच दोन 'ई'सह. १८८३ च्या सुमाराला कोणीतरी केलेली स्पेलिंगची निवड ग्रहावर जाऊन बसली.

हे मी मुक्ताला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे स्पेलिंग आधी ठरवायचं आणि नाव नंतर?" ती चेष्टा करत होती, पण बरोबर बोलली.

आनंदीबाईंना ११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली. त्या समारंभाला इंग्लंडहून पंडिता रमाबाई आल्या होत्या. त्या त्यांच्या दूरच्या नात्यातल्या. बरोबर त्यांची मुलगी होती, पाच वर्षांची व्हायला महिनाभर बाकी असलेली. मला हव्या असलेल्या प्रश्नाचे उत्तर या मुलीच्या नावात सापडते.

रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या १८७८ मध्ये कलकत्त्यानेच दिल्या. १८८० मध्ये त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केले. एप्रिल १८८१ मध्ये मुलगी झाली. तिचे नाव ठेवले मनोरमा. पुढच्याच वर्षी वडील गेले आणि १८८३ मध्ये आई दोन वर्षांच्या मुलीला घेऊन इंग्लंडला, वाँटेजच्या मठात गेली. त्याच वर्षी दोघींचा बाप्तिस्मा झाला. इथे नाव बदलण्याची पुरी संधी होती. पण मनोरमाच्या नावाला फक्त 'मेरी' हे दुसरे नाव जोडले गेले, पहिले तसेच राहिले. घरात आणि मठात ती 'मनो' होती.

परदेशाचा विचार करून हे नाव ठेवलेले नव्हते. तरी तीन भाषांत ते कसे टिकले पाहा. म, न, र ही व्यंजने मराठीत, बंगालीत आणि इंग्रजीत आहेत. त्यांत महाप्राण नाही, मूर्धन्य नाही, जोडाक्षर नाही. इंग्रजीचा 'र' वेगळा असतो खरा, पण ओळखू येतो. प्रत्येक अवयव स्वराने संपतो: म, नो, र, मा. असे उघडे अवयव कोणत्याही जिभेला पायऱ्यांसारखे असतात, एकावर एक पाय टाकत जाता येते. बंगाली वडिलांच्या तोंडी ते 'मोनोरोमा' झाले असणार, इंग्रज सिस्टरच्या तोंडी जोर तिसऱ्या अवयवावर जाऊन 'मनोराऽमा'. स्वर बदलले, सांगाडा तोच राहिला. मुलीला तिन्ही हाका आपल्याच वाटल्या असतील असे मला वाटते. याच मनोरमाबाई पुढे आईच्या शाळेच्या मुख्य झाल्या.

'मुक्ता'शी ताडून पाहिले की फरक कळतो. अवयव कमी म्हणून नाव सोपे होत नाही. दोन अवयवांचे 'मुक्ता' चार अवयवांच्या 'मनोरमा'पेक्षा परदेशात कठीण आहे. पण हल्ली परदेशातल्या आईबापांच्या याद्यांवर लहान नावांचीच चलती असते: मीरा, माया, रिया, तारा, अन्या, नील, रोहन. मुक्ताच्या यादीतही तीच होती. वाईट काहीच नाहीत. पण तिच्याच ओळखीत तीन मीरा आणि दोन माया होत्या. शिवाय 'तारा' हे वाटते तितके सोपे नाही. इंग्रजीत दंत्य 'त' नाही, म्हणून त्याचा 'ट' होतोच, आणि शब्दाच्या सुरुवातीला तो थोडा 'ठ'सारखा फुटतो. ते चालेल की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. 'पार्थ' मात्र पोटच्या पोराला देताना दहादा विचार करावा. आपला 'थ' रोमनमध्ये 'टी-एच' होतो आणि इंग्रज त्याच दोन अक्षरांचा जीभ दातांत धरून वेगळाच आवाज काढतो. अक्षर बरोबर, आवाज दुसरा, आणि दोघांनाही वाटते आपलेच खरे.

राहिले कमळ. 'ळ' इंग्रजीत नाही, हे मुक्ताने आधीच सांगितले होते. पण बंगालीतही नाही. इथे आईला सगळे 'कॉमोल' म्हणत. तिने त्याचे कधी वाईट वाटून घेतले नाही, पण पत्रावर सही करताना 'ळ'चा लोंबता पाय ती जरा जास्तच लांब ओढायची. रोमनमध्ये 'ळ'चा 'एल' केला की उरते 'कमल', ते मुलाचेही नाव. अमेरिकेत ते वाचणारा एकतर 'कमाऽल' म्हणेल किंवा, पहिला 'ए' 'कॅट'मधल्यासारखा वाचून, सरळ उंट करेल. "शाळेत उंट," मुक्ता म्हणाली. "विषय संपला."

मग आमच्या शेजारच्या बंगाली काकूंनी त्यांच्याकडची तोड सुचवली. बंगाल्यांना दोन नावे असतात: 'भालो नाम' शाळेसाठी, कागदांसाठी, आणि 'डाक नाम' घरासाठी. बाहेर काहीही ठेवा, घरी कमळ म्हणा. तोड चांगली आहे. आपल्याकडेही नक्षत्राचे नाव वेगळे आणि पाळण्यातले वेगळे असे असतेच. त्यांनी उदाहरण दिले ते इथल्याच मणिरामपूरच्या सुरेंद्रनाथांचे. कागदोपत्री घराणे बंद्योपाध्याय, जगात बॅनर्जी. इंग्रजांनी बंद्योपाध्यायचे बॅनर्जी केले असे सर्रास म्हणतात. पण बंगाली बोलीत या घराण्यांना 'बाँडुज्ज्ये' आधीपासून म्हणत, आणि इंग्रजीत गेले ते हे बोलीतले, घरात घासून गुळगुळीत झालेले रूप. म्हणजे दुसऱ्या भाषेने सोपे करायच्या आधी आपल्याच माणसांनी ते सोपे केलेले होते. 'मनोरमा'चे 'मनो' तसेच.

आईलाही माहेरी एक घासलेले नाव होते, 'कमू'. मी ते सुचवले. जावई साहित्य वाचणारे आहेत. ते म्हणाले, "कामू? मुलगी जन्मल्यापासून नैराश्यवादी ठरेल."

शेवटी मी अक्षरे सोडून अर्थ धरला. कमळाला आपल्या भाषेत नावांचा तोटा नाही: पद्मा, अंबुजा, पंकजा, सरोज, राजीव, अरविंद. पद्मात जोडाक्षर आडवे येते, अंबुजातल्या 'बु'ला मुक्तातल्या 'मु'चीच व्यथा, पंकज आणि राजीव मुलांची म्हणून डोक्यात बसलेली. नलिनीवर थांबले. नलिनी म्हणजे कमळाची वेल, कमळांनी भरलेले तळेही. न, ल, न: तिन्ही आवाज इंग्रजीत आहेत. तीन अवयव, तिन्ही उघडे. रोमनमध्ये कसेही वाचा, फार तर मधला 'लि' लांबेल आणि 'न-लीऽ-नी' होईल. मनोरमासारखेच, स्वर थोडा हलेल, सांगाडा टिकेल. आमच्या काकूंनी लगेच म्हणून पाहिले: 'नोलिनी'. त्याही अडखळल्या नाहीत.

मुक्ताला ते आवडले नाही. "आई, नलिनी म्हणजे पिवळ्या पानांच्या मासिकातली नायिका," ती म्हणाली. तिचे चूक नव्हते. माझ्या वर्गात दोन नलिन्या होत्या आणि दोघीही आता सत्तरीच्या पुढे असतील. मी वाद घातला नाही, पण तिला एक करायला सांगितले. नाव कागदावर लिहून ऑफिसातल्या कोणालाही वाचायला दे. मग दुसऱ्या कोणाला फोनवर एकदाच सांग आणि लिहायला लाव. आणि मग संध्याकाळी बागेत जाऊन, मूल पन्नास पावलांवर खेळते आहे असे समजून, मोठ्याने हाक मार. वाचणे, ऐकणे, हाक मारणे यांत नाव वेगवेगळे वागते, आणि आईला सर्वांत जास्त लागते ती हाक. शेवटी दीर्घ 'ई' किंवा 'आ' असला की ती लांबवता येते. व्यंजनावर संपणारे नाव हाकेत तुटते.

तिने ते मीरा, अन्या आणि नलिनी या तिन्ही नावांचे केले. वाचताना मीरा जिंकली. 'अन्या' कोणी 'आनिया' म्हटले, कोणी 'अनाया' लिहून घेतले. नलिनी फोनवर एकाने 'नॅलिनी' लिहिली, बाकीच्यांनी नीट. बागेचे तिने काही सांगितले नाही.

मूल ठरलेल्या दिवसाच्या आधीच झाले. तिथे इस्पितळातून घरी जायच्या आत जन्मदाखल्याचा फॉर्म पुढे येतो, नाव विचारतात. बारावा दिवस त्यांच्या हिशोबात नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे फोन वाजला. मागे बाळ रडत होते आणि मुक्ता कुजबुजत्या आवाजात, दमलेली, एकच विचारत होती.

"आई, पटकन सांग. नलिनीच्या शेवटी 'आय' लावू का दोन 'ई'?"

मला शुक्रावरचे जोशी आठवले. मी म्हटले, "एकच आय. दोन ई लावशील तर तिला आयुष्यभर सगळ्यांना सांगत बसावं लागेल."

"ठीक," ती म्हणाली. मग फोन हातात तसाच राहिला असावा, कारण पलीकडून एक परका, मध्यमवयीन बाईचा आवाज फॉर्मवरून वाचताना मला स्पष्ट ऐकू आला. मधला 'ली' तिने लांबवला. पण त्याआधी ती थांबली नव्हती.

बारसे बाराव्या दिवशी झालेच. आत्या ठाण्याहून पडद्यावर होती, तिने कानात सांगायचे ते मुक्ताने फोन बाळाच्या कानाशी नेऊन सांगवले. काकू माझ्या शेजारी बसून होत्या. त्यांनी संदेश आणला होता आणि तेव्हापासून त्या रोज विचारतात, 'नोलिनी केमोन आछे?'